तीनशे पानांतला पाय

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या प्रकरणात निकाल दिला. राजकुमार चीज विकून पोट भरणारा तरुण. १९९१च्या अपघातात त्याच्या डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली आणि डाव्या हाताच्या हाडालाही इजा झाली. डॉक्टरांच्या दाखल्यावर आकडा होता ४५ टक्के. न्यायालयाने मात्र संपूर्ण शरीराचे अपंगत्व २५ टक्के धरले आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी कमी झाली असे मानले. माणूस तोच, पाय तोच, आणि आकडे तीन.

अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा लढवणाऱ्या प्रत्येकाने या तीन आकड्यांमधले अंतर समजून घ्यायला हवे, कारण दाव्याची रक्कम त्या अंतरावरच ठरते. पहिला आकडा एका अवयवाबद्दल बोलतो, दुसरा सगळ्या शरीराबद्दल आणि तिसरा पोटापाण्याबद्दल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पैसे देते ते तिसऱ्या आकड्यावर. हॉस्पिटलच्या कागदांत मात्र तिसरा आकडा कुठेच नसतो. तो कागदांतून दाखवून द्यावा लागतो, आणि ते काम वकिलाच्या कचेरीत तयार होणारा वैद्यकीय गोषवारा करतो. तीन-चारशे पानांचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्या आणि तज्ज्ञांचे दाखले वाचून तीन-चार पानांत जो मजकूर उतरतो, त्यावर एका कुटुंबाची पुढची वीस वर्षे अवलंबून असू शकतात.

हा गोषवारा कसा तयार होतो, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण अशा दाव्यांत नेहमी येणारी आहे.

गवंड्याची फाइल

सांगली जिल्ह्यातला ३४ वर्षांचा एक गवंडी. १४ जून २०२३ रोजी रात्री दुचाकीवरून घरी जाताना पिकअपची धडक बसली आणि उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडून कातडीबाहेर आली. दीड वर्षानंतर त्याच्या भावाने वकिलांकडे आणून दिलेल्या पिशवीत ३१२ कागद निघाले. त्यांतले निम्मे नर्सिंग चार्ट, ताप-नाडीचे तक्ते, सलाइनच्या नोंदी आणि औषधांच्या पावत्या. काही कागद दोनदा, काही तीनदा. एक्स-रेच्या प्लेटा वेगळ्या गुंडाळलेल्या, आणि पहिल्या ऑपरेशनची नोट गायब.

म्हणून काम सुरू होते ते वाचनाने नव्हे, तर काय नाही हे शोधण्याने. अपघाताच्या रात्री पहिल्यांदा जिथे नेले तिथला केसपेपर, एमएलसीची नोंद, प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक ऑपरेशनची नोट, एक्स-रे व त्यांचे अहवाल, ओपीडीचे कागद आणि शेवटी अपंगत्वाचा दाखला, एवढे तरी हातात हवे. नसेल ते हॉस्पिटलकडून मागून घ्यायचे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागद मागितले, तर डॉक्टरने ७२ तासांत द्यावे लागतात. त्याच नियमांत दुसरी एक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते: भरती रुग्णांचे कागद जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांपुरते आहे. ऑपरेशनची नोट पाच वर्षांनी शोधायला गेलात, तर ती मिळेलच याची खात्री नाही.

सगळे कागद आले की ते तारखेप्रमाणे लावायचे आणि प्रत्येक पानावर एक सलग क्रमांक टाकायचा. मूळ कागदावर नव्हे, झेरॉक्सच्या संचावर. हे कारकुनी काम वाटते, पण पुढचे सगळे त्यावर उभे राहते, कारण गोषव्यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी पान क्रमांक येणार असतो. ज्या वाक्याला पान नाही, ते वाक्य गोषवाऱ्यात राहू द्यायचे नाही.

तारखांची साखळी

पहिला मसुदा म्हणजे नुसती तारीखवार यादी. आपल्या गवंड्याची यादी अशी बनली:

१४ जून २०२३, रात्री १०.२५: ग्रामीण रुग्णालय. उजव्या नडगीवर उघडी जखम, हाड दिसते. जखम धुऊन, पाय फळीला बांधून पुढे पाठवले.

१५ जून: मोठ्या हॉस्पिटलात भरती. जखम साफ करून बाहेरून सळ्यांचा सांगाडा बसवला (पहिले ऑपरेशन).

२७ जून: सांगाडा काढून हाडात रॉड, जखमेवर मांडीची कातडी (दुसरे). ९ जुलैला घरी सोडले.

१२ ऑगस्ट: ओपीडी. जखम भरत आली आहे, वजन टाकू नये.

३ ऑक्टोबर: नडगीतून पू, ताप. पुन्हा भरती. ९ ऑक्टोबरला रॉड काढून हाडाचा मेलेला भाग कापला आणि रिंग बसवली (तिसरे). १८ ऑक्टोबरला घरी.

२० मे २०२४: रिंग काढली (चौथे). दुसऱ्या दिवशी घरी.

११ नोव्हेंबर २०२४: हाड जुळले. पाय अडीच सेंटिमीटरने आखूड, घोटा आखडलेला.

६ जानेवारी २०२५: कायम अपंगत्वाचा दाखला, उजव्या पायाचे ४० टक्के.

एवढ्या ओळींत ३१२ पाने आली. आणि लगेच काही गोष्टी दिसू लागल्या, ज्या पिशवीत दिसत नव्हत्या. भरतीचे दिवस मोजता आले: २५, १६ आणि २, म्हणजे ४३. चार ऑपरेशने मोजता आली. कामावर जाता आले नाही तो काळ सुमारे सतरा महिने निघाला. वेदना-यातनांची भरपाई, उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च हे सगळे दाव्यातले वेगवेगळे मथळे आहेत, आणि प्रत्येकाचा आधार याच यादीत आहे.

यादीने आणखी एक गोष्ट केली. ऑगस्ट ते ऑक्टोबर दरम्यान सात आठवड्यांची पोकळी उघडी पाडली. त्या काळातला एकही कागद नाही.

जिथे कागद एकमेकांशी भांडतात

गोषवारा लिहिणाऱ्याचे खरे कसब इथे लागते. आपल्या बाजूचे तेवढे वेचून घ्यायचे आणि अडचणीचे सोडून द्यायचे, हा मोह प्रत्येकाला होतो. पण विमा कंपनीचा वकीलही तीच ३१२ पाने वाचणार असतो. जी विसंगती आपण लपवली, ती उलटतपासणीत पुढे येते, आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

या फाइलमध्ये अशा तीन जागा होत्या.

पहिली सर्वांत धोक्याची. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिले होते, ‘दुचाकी घसरून पडला.’ दुसऱ्या दिवशीच्या एफआयआरमध्ये मागून पिकअपने धडक दिल्याचे होते. घसरून पडला असेल तर पिकअपचा विमा कशाला पैसे देईल, हा युक्तिवाद ठरलेलाच. हा केसपेपर गाळायचा नाही. गोषवाऱ्यात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि तिसरा प्रश्न विचारायचा: ही माहिती डॉक्टरांना दिली कोणी? त्याच पानावर खाली होते, की रुग्ण अर्धवट शुद्धीत असून त्याला वाटेवरच्या लोकांनी आणले. म्हणजे ‘घसरून पडला’ हे अपघात न पाहिलेल्या माणसाचे बोलणे असू शकते. पंचनाम्यात दुचाकीचा मागचा भाग चेपल्याची नोंद आहे, तिचे पानही इथेच द्यायचे. धडक झाली की नाही हे गोषवारा ठरवत नाही. तो न्यायाधीशांसमोर तिन्ही कागद एका ठिकाणी ठेवतो, आणि तेवढेच त्याचे काम आहे.

दुसरी जागा किरकोळ दिसणारी. एका नर्सिंग शीटवर ‘डावा पाय’ असे होते. बाकी सर्व कागद आणि एक्स-रे उजव्या पायाचे. अशा वेळी आपण हाताने दुरुस्ती कधीही करायची नाही. चूक नोंदवायची आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडून खुलाशाचे पत्र घ्यायचे. मूळ कागदावर पेनची एक रेघ जरी आपली गेली, तरी सगळी फाइल संशयात येते.

तिसरी जागा ती सात आठवड्यांची पोकळी. रुग्णाने हयगय केली, म्हणून पू झाला, म्हणून पुढची दोन ऑपरेशने आमच्या माथी नको, असे विमा कंपनी म्हणू शकते. विचारल्यावर कळले, की तो गावी होता आणि तिथल्या डॉक्टरकडे एक दिवसाआड पट्टी करून घेत होता. औषधांच्या पावत्या पिशवीत होत्या, पण त्यांवर डॉक्टरचे नाव नव्हते. त्या डॉक्टरकडून उपचारांचे प्रमाणपत्र घेतल्यावर साखळी सांधली गेली. शिवाय ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला एक प्रश्न लेखी विचारता आला: हाड उघडे पडलेल्या अशा जखमेत, सगळे नीट केले तरी जंतुसंसर्गाचा धोका असतो का? असतो, आणि तो बंद फ्रॅक्चरपेक्षा बराच जास्त असतो. पण हे वाक्य वकिलाने लिहून चालत नाही. ते डॉक्टरकडून यायला हवे.

दाखल्यापासून दगड-विटांपर्यंत

आता अपंगत्वाचा दाखला. त्यावर होते, ‘उजव्या खालच्या अवयवाचे कायम अपंगत्व ४० टक्के.’ इथे बहुतेक गोषवारे थांबतात, आणि इथेच दावा हरवतो.

राजकुमार प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की अवयवाची टक्केवारी म्हणजे शरीराची टक्केवारी नव्हे आणि शरीराची टक्केवारी म्हणजे कमाईची हानी नव्हे. निकालातच उदाहरण आहे: डावा हात गेला तर अपंगत्व साधारण ६० टक्के धरले जाईल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडू शकते, आणि सरकारी कारकून असेल, तर त्याची नोकरी कदाचित जाणारही नाही. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहायचे, की या माणसाला आता कोणती कामे करता येतात आणि कोणती नाहीत. मग त्याचा धंदा, त्याचे वय. मग तो त्याच किंवा दुसऱ्या कामातून काही मिळवू शकेल का.

त्याच निकालात दुसरी एक सूचना आहे, जी गोषवारा लिहिणाऱ्याने टेबलावर लावून ठेवावी. डॉक्टर साक्षीत वैद्यकीय परिभाषा वापरत असतील, तर इजा कोणती आणि तिचा परिणाम काय, हे त्यांना साध्या भाषेतही सांगायला लावावे, असे न्यायालय म्हणते. आपल्या फाइलमध्ये सर्जनची शेवटची नोंद अशी होती: ‘अँकल डॉर्सिफ्लेक्शन निल, प्लँटार फ्लेक्शन १५ डिग्री, शॉर्टनिंग २.५ सेमी.’ याचा साधा अर्थ असा, की पावलाचा पुढचा भाग वर उचलता येत नाही, खाली थोडासाच जातो आणि उजवा पाय अडीच सेंटिमीटर आखूड आहे. आता हे गवंड्याच्या दिवसाशी जोडायचे. घोटा पुढे वाकत नसेल, तर उकिडवे बसता येत नाही, आणि वीटकामाचे खालचे थर किंवा फरशी उकिडवे बसूनच होते. चढावर आणि शिडीवर पाऊल रोवता येत नाही, म्हणून परांचीवर जाता येत नाही. पाय आखूड असल्याने घमेले घेऊन चालताना तोल जातो. उभ्याने, जमिनीवरून हाताला येईल तेवढे प्लास्टर तो करू शकतो, तेही थोडा वेळ.

हे सगळे गोषवाऱ्यात लिहिण्याआधी डॉक्टरांना पटले पाहिजे. म्हणून त्यांच्याकडे चार प्रश्न लेखी जातात: कायम काय राहिले आहे, त्यात यापुढे सुधारणा होईल का, या कामातल्या कोणत्या हालचाली आता शक्य नाहीत, पुढे कोणते उपचार लागतील आणि अंदाजे खर्च किती. कमाई किती टक्के बुडाली, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा नाही. तो न्यायाधिकरणाचा अधिकार आहे, असे त्याच निकालात म्हटले आहे. डॉक्टर त्यावर बोलले, तर उलटतपासणीत ती त्यांचीच कमजोर जागा ठरते.

दाखला कोणाचा, यालाही महत्त्व आहे. रुग्णावर कधीही उपचार न केलेल्या डॉक्टरने एका भेटीत दिलेल्या तयार दाखल्यांबाबत सावध राहा, असे न्यायालयाने न्यायाधिकरणांना बजावले आहे. म्हणून उपचार करणाऱ्या सर्जनची साक्ष किंवा शासकीय मंडळाचा दाखला जास्त टिकतो. दाखल्याची तारीखही पाहायची. रिंग पायात असतानाचा दाखला कायम अपंगत्वाचा असू शकत नाही. आपल्या गवंड्याचा दाखला हाड जुळल्यावर दोन महिन्यांनी दिलेला होता, म्हणून तो चालला.

उरले कामाचे पुरावे. तो गवंडी होता हे हॉस्पिटलच्या कागदांत फक्त ‘व्यवसाय: मजुरी’ एवढेच होते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे नोंदणी कार्ड आणि ठेकेदाराचे शपथपत्र त्याला जोडले, तेव्हा पाय आणि परांची यांच्यातला दुवा पूर्ण झाला.

आकड्यांचा फरक

हा दुवा किती रुपयांचा आहे, तेही पाहू. समजा न्यायाधिकरणाने त्याची महिन्याची कमाई १५,००० रुपये धरली. तो चाळिशीच्या आतला आणि स्वतःच्या कष्टावर कमावणारा, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. ही वाढ जखमींच्या दाव्यांनाही लागू आहे, हे २०२० च्या पप्पू देव यादव निकालाने पक्के केले. महिन्याला झाले २१,०००, वर्षाला २,५२,०००. ३१ ते ३५ वयासाठी सरला वर्मा निकालातला गुणक १६. गुणाकार ४०,३२,००० रुपये. मृत्यूच्या दाव्यात होते तशी स्वतःच्या खर्चाची वजावट इथे होत नाही, कारण माणूस जिवंत आहे.

आता या रकमेला कमाईच्या हानीची टक्केवारी लावायची. पायाचे ४० टक्के शरीराला लावताना कमी होऊन समजा २० टक्के धरले, आणि कमाईची हानीही तेवढीच मानली, तर ८,०६,४०० रुपये. गवंडीकाम जवळपास सुटले आणि बसून करायची हलकी कामेच उरली हे कागदांवरून पटून ६० टक्के धरले, तर २४,१९,२०० रुपये. सोळा लाखांचा फरक त्या चार प्रश्नांच्या उत्तरांत आहे. न्यायाधिकरण ६० धरेलच असे नाही. तो बसून काम करू शकतो हे खरे आहे, आणि ते गोषवाऱ्यातही लिहिले पाहिजे. पण २० वर थांबणारा दाखला पुढे ढकलून गप्प बसणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

शेवटची तीन पाने

पक्का गोषवारा मग या क्रमाने बसतो: पहिल्या परिच्छेदात माणूस, वय, काम आणि इजा, मग तारखांची यादी, मग आजची स्थिती, डॉक्टरांच्या शब्दांत आणि त्याखाली साध्या भाषेत, मग कामावरचा परिणाम, मग विसंगती आणि त्यांचे खुलासे, शेवटी बिलांचा तक्ता. बिलांत अंतिम बिल आणि त्याआधीचे तात्पुरते बिल दोन्ही धरले गेले, की खर्च दुप्पट दिसतो, आणि ही चूक फार वेळा होते. सरकारी योजनेतून झालेला खर्च वेगळा दाखवायचा, स्वतःच्या खिशातून गेला असे लिहायचे नाही.

गोषवारा तपासायची एक सोपी पद्धत आहे. फाइल न पाहिलेल्या माणसाला तो द्या आणि विचारा, ‘याला आता काय करता येत नाही, आणि हे तुला कशावरून कळले?’ दोन्ही उत्तरे पान क्रमांकासह देता आली, तर तो तयार आहे. ‘गंभीर’, ‘भीषण’, ‘आयुष्य उद्ध्वस्त’ असे शब्द सापडले तर ते काढून टाका, त्यांना पान क्रमांक नसतो. आणि हेही लक्षात ठेवा, की गोषवारा स्वतः पुरावा नाही. पुरावा म्हणजे त्यामागचे कागद आणि डॉक्टरांची साक्ष. डॉक्टर साक्षीला आले नाहीत, तर सर्वांत चांगला गोषवाराही लुळा पडतो.

घरातल्या कोणाचा अपघात झाला असेल, तर वकील गाठण्याची वाट न पाहता आजच तीन गोष्टी करा. पहिल्या हॉस्पिटलच्या केसपेपरवर अपघाताची हकीकत काय लिहिली आहे ते वाचा. प्रत्येक डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची नोट आणि एक्स-रे मागून घ्या. आणि कायद्यातली सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवून दावा वेळेत दाखल करा. उपचार चालू असले तरी दावा दाखल करता येतो, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो. वेळेवर न मागितलेला कागद मात्र नंतर जोडता येत नाही.